लहान पाहणीतील पडताळा : मुलाखत, प्रश्नावली आणि त्रिकोणमापनाची कल्पना

सामाजिक शास्त्रांच्या प्रबंधांतून 'ट्रायँग्युलेशन' हा शब्द अलीकडे इतक्या सहजपणे येतो, की तो मुळात कोठला आहे ह्याचा विसर पडावा. साठ घरांची प्रश्नावली भरून घ्यावी, दहाबारा मुलाखती घ्याव्यात, दोहोंचे निष्कर्ष एकाच प्रकरणात शेजारीशेजारी मांडावेत आणि शेवटी 'दोन्ही पद्धतींनी एकच चित्र दिसले, म्हणून निष्कर्ष विश्वसनीय' असे वाक्य लिहावे, एवढ्यावर बहुतेक ठिकाणी काम भागते. परीक्षकाने 'एकच चित्र दिसले म्हणून ते खरे कसे?' असा साधा प्रश्न केला, तर ह्या वाक्यापाशी उत्तर नसते. हे उत्तर कोठून मिळवावयाचे, हे त्या शब्दाच्या इतिहासातून बरेचसे उलगडते.

शब्द भूमापनाचा आहे. विल्यम लॅम्टनने 1802 साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात साखळीने सुमारे साडेसात मैलांची पायारेषा मोजली आणि तेथून हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ झाला. पद्धत सर्वपरिचित आहे. एक बाजू प्रत्यक्ष मोजावयाची, तिच्या दोन्ही टोकांवरून तिसऱ्या शिखराकडे पाहून दोन कोन घ्यावयाचे, की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. नाशिक जिल्ह्याच्या नकाशावर कळसूबाई, साल्हेर आणि ब्रह्मगिरी ही तीन शिखरे मनाशी धरली, तर आकृती ध्यानात येण्यास तेवढे पुरे. मात्र येथे एक गोष्ट सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकाच्या नजरेतून सहसा निसटते. त्रिकोण निश्चित करण्यास एक बाजू व दोन कोन पुरेसे असतात. तरीही भूमापक तिसऱ्या शिखरावर चढतो आणि तिसरा कोनही मोजतो. हा कोन त्याला उत्तरासाठी नको असतो. तीन कोनांची बेरीज 180 अंश, अधिक पृथ्वीच्या गोलाईमुळे येणारा किंचितसा वाढावा, एवढी व्हावयास हवी. ती जितकी चुकते, तितकी आपल्या निरीक्षणातील चूक, हे त्याला तिसरा कोन सांगतो. त्रिकोणांची साखळी लांबवर गेली, की दूरच्या टोकाला पुन्हा एक पायारेषा जमिनीवर मोजून गणिताने आलेली लांबी व मोजलेली लांबी ताडून पाहात, तेही ह्याचसाठी. म्हणजे भूमापनातील अधिकचे निरीक्षण हे मुळात चूक मोजण्याचे साधन आहे. निष्कर्षाला दुजोरा देणे हे त्याचे काम दुय्यम होय.

ही गोष्ट पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे. मुलाखत आणि पाहणी ह्यांचा संयोग करताना दुसरी पद्धत पहिलीची चूक दाखवू शकेल अशा रीतीने ती योजली आहे काय, हाच पहिला प्रश्न ठरतो. जी दुसरी पद्धत पहिलीला कधी खोटे पाडूच शकत नव्हती, तिच्या होकाराला फारशी किंमत नाही.

महाराष्ट्रात ग्रामपाहणीचा आरंभ पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरल्ड मॅन ह्यांनी केला. पुण्याजवळील पिंपळे सौदागर ह्या गावाचा त्यांचा अभ्यास 1917 साली आणि शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुकचा, ना. वि. कानिटकर ह्यांच्या सहकार्याने केलेला, 1921 साली मुंबई विद्यापीठाच्या मालेत प्रसिद्ध झाला. मिश्र पद्धती हे नाव तेव्हा कोणी उच्चारीत नव्हते. तरीही मॅन ह्यांनी जुनी दप्तरे पाहिली, जमिनीच्या तुकड्यांची मोजदाद केली, घरोघर उत्पन्न व खर्च विचारला आणि गावकऱ्यांशी दीर्घ संभाषणे केली. दप्तरांवरून निघालेला निष्कर्ष प्रसिद्धच आहे : पिंपळे सौदागर येथे सरासरी धारणक्षेत्र 1771 साली 40 एकर, 1818 साली साडेसतरा एकर, 1820 ते 1840 च्या काळात 14 एकर आणि 1914-15 साली 7 एकर. हे आकडे पुढे असंख्य ग्रंथांत उतरले. अभ्यासाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद भाग मात्र कुटुंबांच्या ताळेबंदाचा आहे. कुटुंबाच्या निर्वाहाला काय लागते, ह्याचे मान मॅन ह्यांनी बाहेरून लादले नाही. गावकऱ्यांच्याच सांगण्यावरून ते ठरविले. त्या मानाने पाहता 103 कुटुंबांपैकी 8 कुटुंबे आपल्या जमिनीवर तगत होती, 28 बाहेरच्या कामाची जोड देऊन तगत होती आणि 67 कुटुंबांचा ताळेबंद जुळत नव्हता, म्हणजे शेकडा 65 कुटुंबे बुडीत. कोरडवाहू जातेगावात हे प्रमाण शेकडा 85 पर्यंत गेले.

आता येथे त्रिकोण मिटत नाही. ज्या गावातील शेकडा 85 कुटुंबांचा खर्च उत्पन्नाहून अधिक, ते गाव वर्षानुवर्षे उभे कसे राहते? तीन शक्यता संभवतात. उत्पन्न कमी सांगितले गेले असेल. सरकारी खात्याचा अधिकारी दारात उभा असता शेतकरी पिकाचा आकडा खाली आणतो, हे सांगावयास संशोधक नको. किंवा निर्वाहाचे मान म्हणून गावकऱ्यांनी जे सांगितले, ते प्रत्यक्षातील जगणे नसून जसे जगावे असे त्यांना वाटे ते असेल. अथवा दोन्ही आकडे बरोबर असतील आणि मधली तूट कर्जाने व अर्धपोटी राहून भरून निघत असेल. ह्या तिन्ही शक्यतांचा अर्थ अगदी भिन्न आहे. पहिलीत चूक पाहणीची, दुसरीत मुलाखतीतून घेतलेल्या मानाची, तिसरीत चूक कोणाचीच नाही व जे दिसते तेच गावाचे वास्तव. मॅन ह्यांच्या ग्रंथाचे खरे मोल असे, की ताळेबंद जुळत नाही हे त्यांनी झाकले नाही. उत्पन्नाची बाजू किंचित फुगवून हिशेब मिळविणे कठीण नव्हते. तसे केले असते तर ग्रंथ अधिक नीटस दिसला असता आणि त्याचा उपयोग संपला असता.

तिसऱ्या शक्यतेचा निर्णय करण्यासाठी वेगळ्या जातीचा पुरावा लागतो. कर्जाची नोंद किंवा धान्याचे प्रत्यक्ष माप. उत्पन्न कमी सांगणारा माणूस मुलाखतीतही कमीच सांगणार. येथे जो मुद्दा येतो, तो इतिहासाच्या अभ्यासकाला नवा नाही. सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस लिहिली गेली. पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत झालेल्या बखरींपैकी कित्येकींनी तिचाच आधार घेतला. म्हणून एखादी घटना चार बखरींत आढळते ह्याचा अर्थ चार साक्षीदार मिळाले असा होत नाही. एकाच साक्षीदाराचे तीन प्रतिध्वनी मिळाले, असा तो होऊ शकतो. राजवाड्यांनी 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करताना बखरींपेक्षा समकालीन पत्रव्यवहारावर भर दिला, त्यामागे हीच दृष्टी होती. पत्र चुकत नाही असे नव्हे. पण पत्राची चूक बखरीच्या चुकीहून निराळ्या कारणाने होते. निराळ्या कारणाने चुकणारे दोन पुरावे जेव्हा एका ठिकाणी मिळतात, तेव्हा त्या मिळण्याला वजन येते. एकाच कारणाने चुकणारे शंभर पुरावे मिळाले तरी येत नाही. सामाजिक शास्त्रांनी त्रिकोणमापनाची कल्पना भूमापनातून उसनी घेतली हे खरे. तथापि मराठी अभ्यासकाला ती समजावून घेण्यास आपल्याच इतिहाससंशोधनाची वाट अधिक जवळची आहे.

पाश्चात्य देशांत ह्या विचाराला चालना देणारा एक जुना प्रयोग रिचर्ड लापिएर ह्यांचा. 1930 ते 1932 ह्या काळात ते एका चिनी दांपत्यासह अमेरिकेतून मोटारीने हिंडले. चिनी लोकांविषयी तेथे त्या वेळी तीव्र प्रतिकूल ग्रह असूनही 251 उपाहारगृहे व निवासगृहे ह्यांपैकी केवळ एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. पुढे त्याच ठिकाणांना पत्राने 'आपण चिनी गिऱ्हाइके स्वीकाराल काय?' असे विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी शेकडा 90 हून अधिकांनी नकार कळविला. 1934 साली प्रसिद्ध झालेला हा लेख प्रश्नावलीचे पितळ उघडे पाडणारा म्हणून सांगितला जातो. ते थोडे घाईचे आहे. पत्राला उत्तर लिहिणारा मालक आणि दारात पाहुण्यांना सामोरा आलेला कारकून हे एकच असतील असे नाही. आणि चांगल्या पोशाखातील, हसतमुख, एका गोऱ्या प्राध्यापकाबरोबर आलेले जोडपे म्हणजे पत्रातील 'चिनी लोक' नव्हेत. दोन पद्धतींनी दोन निराळे प्रश्न विचारले होते. विसंगती दिसली की लगेच एका पद्धतीला खोटे ठरवू नये, आधी दोघींनी एकच वस्तू मोजली काय ते पाहावे, असा ह्या प्रयोगाचा अधिक टिकाऊ धडा आहे.

डोनाल्ड कॅम्बेल व डोनाल्ड फिस्क ह्यांनी 1959 साली मानसशास्त्रीय मापनासाठी ही गोष्ट काटेकोरपणे मांडली : एक गुण अनेक पद्धतींनी आणि एका पद्धतीने अनेक गुण मोजावेत, म्हणजे मिळणारे साम्य गुणाचे की पद्धतीचे हे वेगळे करता येते. वेब, कॅम्बेल व त्यांचे सहकारी ह्यांनी 1966 मध्ये, प्रश्न न विचारता मिळणाऱ्या पुराव्याविषयी लिहिताना, सामाजिक संशोधनात त्रिकोणमापनाची भाषा रूढ केली. नॉर्मन डेन्झिन ह्यांनी 1970 साली सामग्री, संशोधक, सिद्धांत व पद्धती असे तिचे चार प्रकार सांगितले. ते चार प्रकार पाठ म्हणून दाखविण्यातच विद्यार्थ्यांची शक्ती बहुधा खर्ची पडते, आणि कॅम्बेल-फिस्क ह्यांचा मूळ प्रश्न बाजूला राहतो.

ह्याच सुमारास महाराष्ट्रात इरावती कर्वे आणि य. भा. दामले ह्यांनी ग्रामसमाजातील गटसंबंधांचा अभ्यास केला. तो 1963 साली प्रसिद्ध झाला. आप्तसंबंध, जात आणि स्थानिकता ह्यांचा व्यक्तीच्या वागण्यावर कसा परिणाम होतो, हे पाहण्यासाठी त्यांनी संख्यात्मक व गुणात्मक अशी दोन्ही प्रकारची सामग्री हेतुपुरस्सर गोळा केली आणि ह्या कामाकडे एक पद्धतिविषयक प्रयोग म्हणूनच पाहिले. मिश्र पद्धती ही विसाव्या शतकाच्या अखेरीची आयात वस्तू आहे, असे समजणाऱ्यांनी हा ग्रंथ चाळावा.

नाशिक जिल्ह्यापुरते पाहावयाचे, तर मुंबईच्या 'सेहत' ह्या संस्थेने स्त्रियांची आजारपणे व बाळंतपणे ह्यांविषयी केलेल्या आणि 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा उल्लेख करावयास हवा. घरातील कोणा एकाला 'गेल्या काही दिवसांत घरात कोण आजारी होते?' असे विचारून पाहणी उरकण्याची जुनी रीत आहे. त्या रीतीत स्त्रियांचे दुखणे गळून पडते; कारण कंबरदुखी, पांढरे जाणे, थकवा ह्यांना घरही आजार म्हणत नाही आणि ती स्त्रीही म्हणत नाही. ह्या अभ्यासात खुद्द स्त्रियांना विचारण्यावर आणि एकेका लक्षणाचे नाव घेऊन खोदून विचारण्यावर भर होता, आणि तसे विचारताच नोंदीत न येणारी दुखणी मोठ्या प्रमाणावर बाहेर आली. 'आजार' हा शब्दच येथे मापनाचे साधन होता, आणि साधनच आखूड होते. कोणत्या शब्दाने विचारले असता काय गळते, हे आधीच्या मोकळ्या बोलण्यातून कळल्याशिवाय प्रश्नावली दुरुस्त होत नाही.

आता एक लहान प्रकल्प उदाहरणादाखल तपशिलाने उभा करून पाहणे सोयीचे होईल. पुढील आकडे केवळ रीत दाखविण्यासाठी कल्पिलेले आहेत; ते कोणत्याही गावाचे नव्हेत. विषय खराच आहे. सुरगाणा व पेठ तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे दिंडोरी-निफाडकडील द्राक्षबागांत हंगामी मजुरीला जातात. दसरा-दिवाळीच्या आगेमागे ऑक्टोबर छाटणी, त्यानंतर डिपिंग, घडांची विरळणी आणि जानेवारीपासून पुढे खुडा, असा कामाचा क्रम असतो. प्रश्न असा घ्यावा : एका पाड्यातील स्त्रीला एका हंगामात बागेवर किती दिवस काम मिळते? पाड्यात 180 घरे आहेत असे धरू. दर तिसरे घर घेऊन 60 घरांत अनुसूची भरावयाची आणि त्यांतीलच 12 स्त्रियांच्या दीर्घ मुलाखती घ्यावयाच्या. एका विद्यार्थ्याला एका हंगामात एवढेच झेपते.

प्रथम 60 ह्या संख्येची मर्यादा उघड सांगितली पाहिजे. निम्म्या घरांनी 'होय' म्हटले, तर नमुन्याच्या लहानपणामुळे त्या शेकडा 50 मध्ये सुमारे 13 इकडे-तिकडे होऊ शकतात; पाडाच 180 घरांचा असल्याने ही मर्यादा सुमारे 10 पर्यंत उतरते. म्हणून शेकडा 45 आणि शेकडा 52 ह्यांतील फरकावर विवेचनाची इमारत उभारण्यात अर्थ नाही. बारा मुलाखतींतून तर टक्केवारी काढूच नये. मुलाखतींचे काम संख्या वाढविण्याचे नसून संख्येचा अर्थ तपासण्याचे आहे.

काळाची निवड ही ह्या प्रकल्पातील सर्वांत मोठी खोच होय. महाविद्यालयाच्या सुटीच्या सोयीने विद्यार्थी जानेवारीत पाड्यावर गेला, असे समजू. ज्या घरांतून माणसे बागांवर गेली आहेत, त्यांना त्या वेळी कुलूप असते किंवा तेथे म्हातारी माणसे आणि लहान मुले तेवढी असतात. विद्यार्थी कुलूप लागलेले घर सोडून शेजारचे घेतो. अनुसूचीत स्थलांतर कमी दिसते. मग मुलाखतींसाठीही पाड्यावर असलेल्या स्त्रियाच मिळतात, आणि त्याही सांगतात, की आम्ही फारशा जात नाही. दोन्ही पद्धतींचा निष्कर्ष एक येतो, प्रबंधात ते आनंदाने नमूद होते, आणि तो निष्कर्ष चूक असतो. दोन्ही पद्धतींना एकाच खोडाची कीड लागली होती. ती ओळखण्याची खूण मुलाखतीत नाही, अनुसूचीतही नाही. ती कुलूप लागलेल्या घरांच्या यादीत आहे. म्हणून किती घरे पहिल्या खेपेस बंद मिळाली व त्यांच्याऐवजी कोणती घेतली, ह्याची नोंद ठेवणे अपरिहार्य ठरते. ह्यावर तोडगा साधा आहे. माणसे नागली-भातासाठी पाड्यावर परतलेली असतात, त्या पावसाळ्यात काम करावे आणि मागील हंगामाविषयी विचारावे. मात्र तसे केले की दुसरी चूक आत येते, विस्मरणाची. 'गेल्या हंगामात किती दिवस?' ह्या प्रश्नाला स्त्री 'दोन महिने' असे गोल उत्तर देते. तेथे दसरा, दिवाळी, संक्रांत, होळी अशा खुणा लावून, कोणत्या सणाला कोणत्या बागेवर होता, मध्ये केव्हा परत आला, असे विचारीत गेल्यास दिवसांची मोजणी बरीच नेमकी होते. ही सणवार मोजणी प्रत्येक घरी करणे साठ घरांत शक्य नसेल, तर ती बारा मुलाखतींत करावी आणि अनुसूचीतील गोल उत्तर तिच्याशी ताडावे. आता दोन साधने निराळ्या कारणांनी चुकतील, आणि ताडण्याला अर्थ येईल.

कल्पिलेल्या प्रकल्पात बारापैकी नऊ स्त्रियांच्या बाबतीत दोन आकड्यांतील अंतर दहा दिवसांच्या आत पडले आणि तिघींच्या बाबतीत मुलाखतीतील दिवस अनुसूचीहून जवळजवळ दुप्पट निघाले, असे धरू. किती अंतराला 'मिळाले' म्हणावयाचे, ही मर्यादा आधी लिहून ठेवलेली असावी. मागाहून ठरविली तर ती नेहमीच सोयीची निघते. आता ह्या तिघींचे बोलणे पुन्हा वाचावे. त्यांपैकी प्रत्येकीने टोळीबरोबर उक्ते काम घेतले होते. एकरामागे ठरलेली रक्कम, ती टोळीत वाटून. अनुसूचीत प्रश्न होता 'मजुरीचे दिवस किती?' आणि त्यांच्या लेखी मजुरी म्हणजे रोजावरचे काम. उक्त्याचे दिवस त्यांनी मोजलेच नव्हते. त्यांनी खोटे सांगितले नाही, विसरही पडला नाही. प्रश्नाचा शब्द अपुरा होता. चुकीची दिशाही कळली : अनुसूची कामाचे दिवस कमी दाखविते, आणि उक्ते काम करणाऱ्यांच्याच बाबतीत कमी दाखविते.

येथे एक मोह होतो. तिघींच्या प्रमाणावरून साठांचा आकडा वाढवून घ्यावा, असे वाटू लागते. तसे करणे म्हणजे बारा मुलाखतींकडून त्यांना न झेपणारे काम करून घेणे होय. योग्य मार्ग कंटाळवाणा आहे : साठही घरी परत जाऊन 'उक्ते काम किती दिवस?' एवढा एकच प्रश्न वेगळा विचारावा. परत जाण्याइतका अवधी योजनेत आधीच राखून ठेवावा लागतो. तो राखला नसेल तर आकडा आहे तसा ठेवून, तो खालची मर्यादा दाखवितो असे स्पष्ट म्हणावे.

नऊ जणींचे आकडे मिळाले, त्याचे वजनही तपासून पाहावे लागते. ज्याने अनुसूची भरली त्यानेच आठवड्याने मुलाखत घेतली आणि जाण्यापूर्वी भरलेली अनुसूची डोळ्यांखालून घातली, तर 'तुम्ही साठ दिवस म्हणाला होता ना?' हा प्रश्न तोंडातून न निघताही आवाजात उतरतो. मुलाखत घेणाऱ्याला आधीचे उत्तर ठाऊक नसावे. विद्यार्थी एकटाच असेल, तर बारांपैकी सहा स्त्रियांच्या बाबतीत मुलाखत आधी आणि अनुसूची मागाहून, असा क्रम उलटवावा. दोन्ही क्रमांत सारखेच मिळाले, तर पहिल्या उत्तराने दुसरे ओढले गेल्याची शंका निवळते, नाहीशी मात्र होत नाही. बारा स्त्रियांची निवडही बोलक्या स्त्रियांची नसावी. अनुसूचीत फार दिवस सांगणाऱ्या, मध्यम सांगणाऱ्या आणि एकही दिवस न गेल्याचे सांगणाऱ्या अशा सर्वांतून त्या याव्यात. अगदी 'गेलेच नाही' म्हणणारी एखादी स्त्री मुलाखतीत दिवाळीपासूनचा हिशेब सांगू लागते, तेव्हा संशोधकाच्या पदरी जे पडते ते नऊ जुळणाऱ्या आकड्यांहून अधिक असते.

मुकादमाची वही हा तिसरा पुरावा येथे हाताशी आहे. तीत टोळीने कोणत्या बागेत किती एकर केले आणि किती रक्कम मिळाली ते असते. ती लेखी आहे म्हणून तिला वरचे आसन देण्याची प्रवृत्ती होते. परंतु वहीत स्त्रीचे दिवस नसतात, टोळीचे एकर असतात. दिवस काढावयाचे तर टोळीत त्या वेळी किती माणसे होती हे पुन्हा विचारूनच ठरवावे लागते. शिवाय ज्या स्त्रिया 'मुकादमाने सांगितले तेवढे दिवस' म्हणून आकडा देतात, त्यांच्या बाबतीत वही आणि मुलाखत हे दोन पुरावे नाहीत. सभासद आणि त्याच्यावर विसंबलेली बखर ह्यांच्यासारखी ती गत आहे. आकडा तुम्हाला कसा ठाऊक, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक मुलाखतीत असावा.

ह्याहून निराळ्या जातीची एक विसंगती राहते. 'मजुरीचे पैसे कोणाच्या हातात येतात?' ह्या प्रश्नाला अनुसूचीत बहुसंख्य स्त्रियांनी 'माझ्या' असे उत्तर दिले आणि मुलाखतीत त्यांतल्याच काहींनी सांगितले, की बाजाराच्या दिवशी दीर किंवा नवरा ते घेऊन जातो, असे समजू. ह्यातील कोणते उत्तर खरे? बहुधा दोन्ही. पैसे हातात येणे आणि ते खर्चणे ह्या दोन क्रिया आहेत. अनुसूचीने पहिली मोजली, मुलाखतीत दुसरी उघड झाली. ह्या विसंगतीला पडताळा म्हणणे चूक होईल. हा पडताळाच नव्हे, पूरक माहिती आहे, आणि लापिएरच्या पत्रासारखे येथे दोन प्रश्न आहेत. प्रबंधात हा भाग त्रिकोणमापनाच्या मथळ्याखाली घालू नये. दोहोंची गल्लत होते, म्हणूनच परीक्षकाला तो शब्द पोकळ वाटू लागतो.

लेखनाच्या वेळी, जे मिळाले त्याचे वर्णन सविस्तर आणि जे मिळाले नाही ते तळटीपेत, अशी वाटणी सहसा होते. ती उलटी असावी. आधी प्रत्येक पद्धत कोणत्या कारणाने व कोणत्या दिशेने चुकण्याचा संभव होता ते सांगावे. मग दोघींची कारणे भिन्न होती, हे कोणत्या व्यवस्थेने साधले ते. नंतर कोणत्या घरांत आकडे मिळाले नाहीत, त्यांतील किती उलगडले आणि किती शेवटपर्यंत उलगडले नाहीत ते. वरील प्रकल्पात एखादी स्त्री अशी राहिलीच, की जिचा अनुसूचीतील आकडा एक, सणवार मोजणीतील दुसरा आणि वहीवरून निघणारा तिसरा, आणि तिला पुन्हा भेटूनही कारण कळले नाही, तर तिचे तिन्ही आकडे तक्त्यात तसेच छापावेत. सरासरी काढून तिथे एक आकडा बसविण्याचा अधिकार संशोधकाला नाही. वाचकाला त्या ओळीवरून बाकीच्या एकुणसाठ ओळींचा अंदाज घेता येतो.